विषाचा वेग आणि दोन रेघा

जून 2015मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं दगावली. त्या दारूत मेथेनॉल होतं. अशा घटनेनंतर ‘विषारी दारू’ हा शब्द वर्तमानपत्रांत महिनाभर फिरतो आणि मग विसरला जातो. पण त्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मेथेनॉल स्वतः फार जहाल विष नाही. त्याची नशा साध्या दारूसारखीच, किंबहुना जरा कमीच चढते. माणूस मरतो किंवा आंधळा होतो तो मेथेनॉलमुळे नव्हे, तर त्याच्याच यकृतात मेथेनॉलचं जे होतं त्यामुळे.

यकृतात अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एक एन्झाइम असतं. दारूतल्या इथेनॉलचा निचरा करणं हे त्याचं रोजचं काम. मेथेनॉलचा रेणू इथेनॉलचाच धाकटा भाऊ, एका कार्बनने लहान, म्हणून हे एन्झाइम त्यालाही हाताशी घेतं आणि त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं. दुसरं एक एन्झाइम त्या फॉर्माल्डिहाइडचं लगेच फॉर्मिक आम्ल करून टाकतं. इथे मात्र गाडी अडते. फॉर्मिक आम्ल शरीरातून फार सावकाश जातं, रक्तात साचतं आणि पेशींच्या श्वसनसाखळीतलं शेवटचं एन्झाइम बंद पाडतं. डोळ्यांच्या मज्जातंतूला ते सर्वांत आधी सोसत नाही. पिणं आणि त्रास सुरू होणं यांत बहुधा बारा ते चोवीस तासांचं अंतर पडतं, ते यामुळेच. विष त्या वेळात आतल्या आत तयार होत असतं.

मग उपाय उघड आहे. विष बनवणारं ते पहिलं एन्झाइम थोपवायचं. फोमेपिझोल नावाचं औषध नेमकं हेच करतं. अमेरिकेत 1997मध्ये ते आधी इथिलीन ग्लायकॉलच्या म्हणजे गाडीच्या रेडिएटरमधल्या द्रवाच्या विषबाधेसाठी मान्य झालं आणि 2000मध्ये मेथेनॉलसाठीही. 2013पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हे औषध एन्झाइम मोडत नाही, जाळत नाही, त्याचा कमाल वेगसुद्धा कमी करत नाही. तरीही विष तयार होणं जवळजवळ थांबतं. हे कसं, ते समजायला दोन रेघा पुरतात. आलेखाच्या कागदावर काढलेल्या, अगदी सरळ दोन रेघा.

एन्झाइम म्हणजे एक मोठं प्रथिन. त्याच्या पोटात एक खाच असते, तिला सक्रिय स्थान म्हणतात. ज्या पदार्थावर काम व्हायचं तो, म्हणजे सबस्ट्रेट, या खाचेत येऊन बसतो, त्याचं रूपांतर होतं, तो बाहेर पडतो आणि पुढचा येतो. सबस्ट्रेट कमी असेल तर खाचा बराच वेळ रिकाम्या राहतात आणि कामाचा वेग कमी दिसतो. सबस्ट्रेट वाढवत नेला तर वेग वाढतो, पण सरळ रेषेत नाही. आधी भराभर, मग रेंगाळत, आणि शेवटी एका छताला टेकल्यासारखा. सगळ्या खाचा सतत भरलेल्या असताना मिळणारा हा कमाल वेग म्हणजे व्हीमॅक्स. या कमाल वेगाच्या बरोबर निम्मा वेग ज्या सबस्ट्रेट-संहतीला मिळतो ती संहती म्हणजे केएम, म्हणजेच अर्धसंपृक्तीची संहती. 1913मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या एन्झाइमवर काम करताना हे गणित मांडलं. केएममधला ‘एम’ मायकेलिस यांचा.

केएम कमी म्हणजे थोड्या सबस्ट्रेटवरही एन्झाइम निम्म्या वेगाला पोचतं. केएम जास्त म्हणजे त्याला बराच सबस्ट्रेट लागतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

आता स्पर्धात्मक निरोध. सलूनमध्ये चार खुर्च्या आहेत आणि एक रिकामटेकडा इसम केस कापायला नव्हे, नुसता पेपर वाचायला खुर्चीत येऊन बसतो. थोड्या वेळाने उठतो, पुन्हा दुसऱ्या खुर्चीत बसतो. गिऱ्हाइकं तुरळक असतील तर त्याच्यामुळे धंदा चांगलाच मार खातो. पण दिवाळीच्या आदल्या दिवशीसारखी बाहेर गर्दी असेल तर खुर्ची रिकामी झाली रे झाली की गिऱ्हाईकच तिच्यात घुसतं, आणि या गृहस्थाला बसायला मिळत नाही. कारागिरांचा हात पहिल्याइतकाच चालतो, दिवसाचा कमाल गल्लाही तेवढाच होतो. फरक एवढाच की तिथवर पोचायला जास्त गर्दी लागली. फोमेपिझोलचा रेणू म्हणजे हा पेपरवाला. इथेनॉल किंवा मेथेनॉल ज्या जागी बसणार तीच जागा तो अडवतो. मात्र त्याचं रूपांतर होत नाही. बसतो आणि उठतो, एवढंच.

म्हणजे दोन गोष्टी अपेक्षित आहेत. व्हीमॅक्स बदलू नये, आणि निम्म्या वेगाला लागणारी सबस्ट्रेटची संहती वाढावी. किती वाढावी, हे दोन गोष्टींवर ठरतं. निरोधक किती घातला हे एक, आणि तो एन्झाइमला किती घट्ट धरतो हे दुसरं. ही पकड केआय या आकड्याने मोजतात. केआय जितका लहान तितकी पकड घट्ट. सूत्र असं आहे:

```
Km(app) = Km × (1 + [I]/Ki)
```

डावीकडचा केएम हा ‘भासमान’ केएम. भासमान अशासाठी की एन्झाइम मुळात बदललेलंच नाही. निरोधक धुऊन काढला की केएम पुन्हा पहिल्या जागी येतो. निरोधक हजर असताना मोजणाऱ्याला तो वाढलेला दिसतो, इतकंच.

हे प्रयोगात पाहायचं तर अल्कोहोल डिहायड्रोजनेज फार सोयीचं एन्झाइम आहे. अल्कोहोलचा हायड्रोजन काढून घेताना ते तो एनएडी या सहएन्झाइमला देतं, आणि तयार झालेलं एनएडीएच 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं. एनएडी तो शोषत नाही. म्हणून क्युव्हेटमध्ये बफर, एनएडी, इथेनॉल घालायचं, शेवटी एन्झाइमचा थेंब टाकायचा, ढवळायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आकडा चढताना पाहत बसायचं. आकडा मिनिटाला किती चढला यावरून वेग कळतो. त्यातही पहिल्या मिनिटभराचाच चढ घ्यायचा. ही अभिक्रिया उलटी फिरायला उत्सुक असते, आणि तयार होणारं एनएडीएच एन्झाइमला चिकटून बसतं. त्यामुळे थोड्याच वेळात चढणारी रेघ वाकू लागते. म्हणूनच बफर अल्कधर्मी ठेवतात आणि तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड पकडून ठेवायला सेमीकार्बझाइड घालतात. ज्याने वाकलेल्या भागाचा चढ मोजला त्याचे पुढचे सगळे आकडे वाया गेले, मग त्याने आलेख कितीही सुबक काढो.

समजा, आपल्या क्युव्हेटमधल्या एन्झाइमचा केएम अर्धा मिलिमोलर आहे आणि कमाल वेग मिनिटाला 20 मायक्रोमोलर. हिशेब सोपा राहावा म्हणून हे आकडे गोल घेतले आहेत. इथेनॉल पाव मिलिमोलर असताना वेग येईल 6.67, अर्धा मिलिमोलरला 10, एक मिलिमोलरला 13.3 आणि दोन मिलिमोलरला 16. केएमच्या दहापट, म्हणजे पाच मिलिमोलर इथेनॉल घातलं तरी वेग 18च्या थोडा वर, कमाल वेगाच्या 91 टक्के. छत दिसतं, पण हाताला लागत नाही. हे आकडे साध्या आलेखावर मांडले तर एक वाकलेली रेघ येते आणि तिचं छत नेमकं कुठे आहे ते डोळ्यांनी ठरवायची पाळी येते. कॉम्प्युटर नसलेल्या काळात दोन माणसांनी एकाच आकड्यांवरून दोन वेगळे व्हीमॅक्स काढले तर नवल नव्हतं. आणि व्हीमॅक्स चुकला की त्याचा निम्मा चुकला, म्हणजे केएमही चुकला.

1934मध्ये हान्स लाइनवीव्हर आणि डीन बर्क या दोघांनी यावर तोड मांडली. तोड कसली, शाळेतलं बीजगणित. समीकरणाच्या दोन्ही बाजू उलट्या करायच्या. वेगाऐवजी 1 भागिले वेग, संहतीऐवजी 1 भागिले संहती. वाकलेली रेघ सरळ होते:

```
1/v = (Km/Vmax) × (1/[S]) + 1/Vmax
```

हा झाला व्यस्त आलेख. मायकेलिस-मेंटेनच्या वाकड्या रेघेपेक्षा तो लगेच डोळ्यांत भरतो, पण त्याच्याकडे पाहताना मन जरा उलटं फिरवावं लागतं. आडव्या अक्षावर उजवीकडे गेलं की सबस्ट्रेट कमी होत जातो, कारण तिथे व्यस्तांक मोठा आहे. डावीकडे, उभ्या अक्षाजवळ येऊ लागलं की सबस्ट्रेट वाढत जातो. आणि उभा अक्षच गाठला, म्हणजे 1 भागिले संहती शून्य झाली, तर सबस्ट्रेट अनंत. तेवढा सबस्ट्रेट कुठल्याच क्युव्हेटमध्ये मावत नाही, पण सरळ रेघ मागे वाढवून तिथे नेता येते. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा म्हणजे 1 भागिले व्हीमॅक्स. तीच रेघ आणखी मागे, शून्याच्या डावीकडे नेली की आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथला आकडा उणे असतो. चिन्ह सोडून त्याला उलटा केला की केएम. उणे संहती असं काही नसतं, ही फक्त रेघ वाढवण्याची सोय आहे.

आपले आकडे मांडून पाहू. इथेनॉल 0.25, 0.5, 1 आणि 2 मिलिमोलर, तर त्यांचे व्यस्तांक 4, 2, 1 आणि 0.5. वेगांचे व्यस्तांक अनुक्रमे 0.15, 0.10, 0.075 आणि 0.0625. हे चार ठिपके पट्टी लावून जोडले की रेघ उभ्या अक्षाला 0.05 वर छेदते. 1 भागिले 0.05 म्हणजे 20, आपला व्हीमॅक्स. आडव्या अक्षाला ती उणे 2 वर छेदते. 1 भागिले 2 म्हणजे अर्धा मिलिमोलर, आपला केएम.

आता दुसऱ्या क्युव्हेट्समध्ये हेच सगळं, पण जोडीला 0.3 मायक्रोमोलर फोमेपिझोल. इथेनॉलच्या तुलनेत ही मात्रा हजारो भागांत एक अशी आहे, तरी फरक बघा. पाव मिलिमोलर इथेनॉलला वेग 6.67वरून 2.22वर येतो. अर्ध्याला 10ऐवजी 4. एक मिलिमोलरला 6.67. दोन मिलिमोलरला 10. व्यस्तांक काढले तर 0.45, 0.25, 0.15 आणि 0.10. नवीन रेघ बरीच जास्त चढी आहे, जुन्या रेघेच्या चौपट चढाची. पण डावीकडे येता येता दोन्ही रेघा जवळ येऊ लागतात आणि उभ्या अक्षावर नेमक्या एकाच ठिपक्यात मिळतात. 0.05. व्हीमॅक्स तोच. मात्र आडव्या अक्षाला नवी रेघ उणे 2 वर नाही, उणे 0.5 वर छेदते, म्हणजे शून्याच्या जवळ सरकली आहे. भासमान केएम झाला 2 मिलिमोलर, मूळच्या चौपट.

स्पर्धात्मक निरोधाची ओळख ती हीच. दोन रेघा उभ्या अक्षावर मिळतात, कारण उभा अक्ष म्हणजे अनंत सबस्ट्रेट, आणि अनंत गर्दीपुढे निरोधकाला जागा मिळत नाही. आडव्या अक्षावरचा छेद शून्याकडे सरकतो, कारण निम्म्या वेगाला जास्त सबस्ट्रेट लागू लागला. चौपट वाढ म्हणजे सूत्रातला कंस 4, म्हणजे निरोधकाची संहती भागिले केआय बरोबर 3, आणि 0.3 भागिले 3 म्हणजे केआय 0.1 मायक्रोमोलर. व्यवहारात निरोधकाची एकच मात्रा घेऊन थांबत नाहीत. तीनचार मात्रांच्या रेघा काढतात आणि प्रत्येक रेघेचा चढ निरोधकाच्या संहतीसमोर मांडतात. तोही सरळ रेषेत आला तर केआयवर विश्वास ठेवायचा. तो वर वाकला तर निरोधक एकापेक्षा जास्त जागी बसत असावा, असा संशय घ्यायचा.

आता या आलेखाची खोड सांगायला हवी, कारण विद्यार्थी नेमके तिथेच फसतात. समजा, आपल्या उपकरणाची चूक मिनिटाला अर्ध्या मायक्रोमोलरची आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे साधारण 0.003 एवढं मोजमाप होतं, म्हणजे काही फार मोठं नाही. निरोधकासह दोन मिलिमोलर इथेनॉलचा वेग 10, तर तो 9.5 ते 10.5मध्ये कुठेही मोजला जाईल. व्यस्तांक 0.105 ते 0.095. ठिपका जागच्या जागी. आता पाव मिलिमोलर घ्या. वेग 2.22, तो 1.72 ते 2.72मध्ये कुठेही येईल, आणि व्यस्तांक 0.58 ते 0.37. तेवढीच चूक इथे वीसपट फुगली. वाईट भाग असा की हाच ठिपका आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला, बाकीच्यांपासून दूर बसलेला असतो, आणि पट्टी ठेवताना रेघेला तोच सर्वांत जास्त ओढतो. म्हणजे सर्वांत कच्चा आकडा सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो. मग रेघा उभ्या अक्षावर न मिळता थोड्या अलीकडे-पलीकडे मिळतात, आणि निरोध स्पर्धात्मक की मिश्र, यावर वाद सुरू होतात.

लाइनवीव्हर आणि बर्क यांना हे माहीत होतं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकं हमखास गाळतात. त्यांनी त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्यासोबतही एक लेख लिहिला, आणि ठिपक्यांना त्यांच्या खात्रीनुसार कमी-जास्त वजन द्यावं अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या लोकांनी पट्टी घेतली आणि वजनं टाकून दिली. आज केएम काढायचा असेल तर कॉम्प्युटरवर मूळ वाकडी रेघच थेट बसवावी, हे माझं स्पष्ट मत आहे. व्यस्त आलेख आकडे काढायला नको, निरोधाची जात ओळखायला आणि दुसऱ्याला दाखवायला हवा. त्या कामात त्याला तोड नाही.

जात ओळखतानाही एक प्रश्न विसरायचा नसतो. स्पर्धा कुणाशी? आपल्या एन्झाइमला दोन पाहुणे लागतात, अल्कोहोल आणि एनएडी. आधी एनएडी बसतं, त्यानंतरच अल्कोहोलला जागा होते. स्वीडनचे ह्युगो थिओरेल यांना या क्षेत्रातल्या कामासाठी 1955चं नोबेल मिळालं. 1963मध्ये ताकाशी योनेतानी यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की पायराझोल हा रेणू एन्झाइम आणि एनएडी या जोडीला येऊन मिळतो आणि तिघांचा एक घट्ट गठ्ठा होतो. फोमेपिझोल म्हणजे याच पायराझोलचा एक भाऊ. त्यातला एक नायट्रोजन खाचेतल्या जस्ताला धरतो आणि दुसरा एनएडीच्या कड्याला. म्हणजे अल्कोहोल जिथे बसणार ती जागा गेली. म्हणून अल्कोहोलची संहती बदलून आलेख काढला तर रेघा उभ्या अक्षावर मिळतात. पण अल्कोहोल कायम ठेवून एनएडी बदलत गेलात तर त्याच फोमेपिझोलच्या रेघा समांतर येतात, कधीच मिळत नाहीत. कितीही एनएडी ओतलं तरी निरोधक हटत नाही, कारण एनएडी बसल्याशिवाय तो बसतच नाही. एनएडी त्याचा प्रतिस्पर्धी नाही, त्याला आत घेणारा आहे. एकच औषध, एकच एन्झाइम, आणि दोन आलेख. तेव्हा ‘अमुक औषध स्पर्धात्मक निरोधक आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. ते कोणत्या सबस्ट्रेटच्या संदर्भात, हे सांगितलं की पूर्ण होतं.

आणखी एक अडचण फोमेपिझोलच्या घट्ट पकडीतूनच येते. केआय 0.1 मायक्रोमोलर असताना क्युव्हेटमध्ये एन्झाइमच तेवढ्याच मात्रेत असेल तर घातलेल्या निरोधकाचा मोठा हिस्सा एन्झाइमला चिकटण्यातच संपतो. मोकळा निरोधक आपण मानला त्यापेक्षा खूपच कमी उरतो आणि सूत्रातला आकडा खोटा ठरतो. म्हणून अशा प्रयोगात एन्झाइम केआयच्या मानाने अगदी नगण्य ठेवायचं. निम्मं एन्झाइम घालून वेगही बरोबर निम्मा आला, निरोधकासहसुद्धा, तर निर्धास्त राहा.

हे सगळं खाटेवरच्या माणसापाशी कसं लागू पडतं ते पाहू. रक्तात मेथेनॉल 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, म्हणजे सुमारे 15.6 मिलिमोलर. मेथेनॉलसाठी एन्झाइमचा केएम, हिशेबापुरता, पाच मिलिमोलर धरू. उपचाराशिवाय एन्झाइम कमाल वेगाच्या साधारण 75 टक्क्यांनी विष तयार करत राहील. फोमेपिझोलची पहिली मात्रा वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम असते आणि रक्तात 100 ते 300 मायक्रोमोलर पातळी राखायचा प्रयत्न असतो. खालची 100 घेतली आणि केआय 0.1 धरला, तर सूत्रातला कंस होतो 1001. भासमान केएम पाच मिलिमोलरवरून पाच मोलरवर. एवढं मेथेनॉल रक्तात मावणारच नाही. विष तयार होण्याचा वेग कमाल वेगाच्या 0.3 टक्क्यावर येतो. व्हीमॅक्स तसाच राहिला, पण तिथवर पोचायचा रस्ता हजारपट लांबला.

फोमेपिझोल महाग आहे आणि आपल्याकडे अनेक रुग्णालयांत हाताशी नसतं. तिथे डॉक्टर इथेनॉल देतात, शिरेतून किंवा नाकातल्या नळीतून. ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित तेच आहे. दोन सबस्ट्रेट एकाच खाचेसाठी भांडतात तेव्हा सूत्रात केआयच्या जागी दुसऱ्या सबस्ट्रेटचा केएम बसतो. रक्तातलं इथेनॉल 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे सुमारे 22 मिलिमोलर राखलं आणि त्याचा केएम अर्धा मिलिमोलर धरला, तर मेथेनॉलचा भासमान केएम 45 पट होतो. हजारपटीपुढे हे थोडं वाटेल, पण जीव वाचवायला ते पुरतं. अडचण वेगळी आहे. पेपरवाला खुर्चीतून तसाच उठून जातो, इथेनॉल मात्र स्वतः गिऱ्हाईक आहे. एन्झाइम त्याला संपवत राहतं, तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. शंभरावरची पातळी सहासात तासांत ओसरते. म्हणून थेंबथेंब चालू ठेवावं लागतं, रक्त वारंवार तपासावं लागतं, आणि नशेत झिंगलेल्या रुग्णाच्या श्वासावर आणि साखरेवर डोळा ठेवावा लागतो. घरी दारू पाजून हा उपचार होत नाही.

स्पर्धात्मक निरोधाची मर्यादाही त्या दोन रेघांतच लिहिलेली आहे. औषध उतरलं की भासमान केएम मूळ जागी येतो आणि एन्झाइम जसंच्या तसं कामाला लागतं. मेथेनॉल तर अजून रक्तातच आहे. फोमेपिझोल चालू असताना मेथेनॉलची रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच दोन दिवसांहून अधिक लागतात, कारण त्याचा मुख्य रस्ताच आपण बंद केलेला असतो. म्हणून दर बारा तासांनी पुढची मात्रा देतात, आणि पातळी जास्त असेल तर डायलिसिस लावून मेथेनॉल आणि तयार झालेलं फॉर्मिक आम्ल दोन्ही बाहेर काढतात. आधीच तयार झालेल्या आम्लावर फोमेपिझोलचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून बाहेरची दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फासारखं पांढरं दिसू लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणून घरी थांबू नका. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा.